पासवर्ड बरोबर, तरी वायफाय नाही

नवा राउटर बसवला की पहिल्या संध्याकाळी घरातले फोन पटापट जोडले जातात, टीव्ही जोडला जातो. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की जुना प्रिंटर किंवा आजोबांचा टॅब काही केल्या जोडला जात नाही. यादीत वायफायचं नाव दिसतं, त्यावर बोट ठेवलं की पासवर्डही विचारला जातो. तो टाकला की चक्र थोडा वेळ फिरतं आणि उत्तर येतं, पासवर्ड चुकीचा आहे. मग पासवर्ड पुन्हा टाकायचा, कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासायची, राउटर बंद करून चालू करायचा, शेवटी वैतागून यंत्रच फॅक्टरी रीसेट करायचं. दुकानदाराला विचारलं तर तो एका वाक्यात निकाल लावतो: जुनं झालंय, नवीन घ्या.

यातल्या कित्येक प्रसंगांत पासवर्ड बरोबरच असतो आणि यंत्रही धडधाकट असतं. बदललेली असते राउटरची सुरक्षा पद्धत. नव्या राउटरवर डब्ल्यूपीए३ चालू असतं आणि जुन्या यंत्राला फक्त डब्ल्यूपीए२ येतं. दोघांना सामाईक अशी एकही पद्धत नसेल, तर पासवर्ड तपासण्यापर्यंत बोलणं पोचतच नाही. पण 'ही पद्धत मला कळत नाही' असं सांगणारा संदेश जुन्या यंत्रात बहुधा नसतोच, कारण ते बनलं तेव्हा ही पद्धतच नव्हती. मग ते आपल्याकडच्या मोजक्या तक्रारींमधली त्यातल्या त्यात जवळची एक पुढे करतं आणि दोष आपल्या बोटांवर येतो.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटी घोषणा हवेत सोडत असतो. तिला बीकन म्हणतात. आपल्या फोनवर वायफायची नावं दिसतात ती या घोषणांमुळेच. घोषणेत नाव तर असतंच, शिवाय ओळख पटवण्याच्या कोणकोणत्या पद्धती मला चालतात याची यादीही असते. जोडू पाहणारं यंत्र ती यादी वाचतं, आपल्याला येणारी पद्धत तीत आहे का ते बघतं, आणि असेल तर पुढे होतं. डब्ल्यूपीए२ची पद्धत पीएसके नावाने ओळखली जाते, डब्ल्यूपीए३ची एसएई नावाने. राउटरने यादीत फक्त एसएई लिहिलं, तर २०१३ सालचा प्रिंटर ती ओळ वाचतो आणि तिथेच थांबतो. काही यंत्रं थांबत नाहीत, जुन्याच पद्धतीने अर्ज करून बघतात आणि राउटर तो नाकारतो. बाहेरून आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं.

डब्ल्यूपीए२ आलं २००४मध्ये, आणि मार्च २००६पासून वायफायचा अधिकृत शिक्का मिळवू पाहणाऱ्या प्रत्येक यंत्राला ते सक्तीचं झालं. डब्ल्यूपीए३ची प्रमाणपत्रं वायफाय अलायन्सने जून २०१८पासून द्यायला सुरुवात केली आणि जुलै २०२०पासून नव्या यंत्रांना तीही सक्ती लागू झाली. मधली जवळजवळ दीड दशकं जगभर जे जे विकलं गेलं, ते सगळं डब्ल्यूपीए२वर वाढलेलं आहे. त्यातल्या काहींना नंतर सॉफ्टवेअर अपडेटमधून नवी पद्धत मिळाली. अँड्रॉइडमध्ये ती दहाव्या आवृत्तीपासून आली, विंडोज १०मध्ये २०१९च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून. आयफोन ७ आणि त्यापुढच्या फोनना ती येते, आयफोन ६ला कधीच मिळाली नाही. विंडोज ७लाही नाही. प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे, जुने स्मार्ट टीव्ही, वायफायवरचे प्लग आणि बल्ब यांच्याकडे तर विकल्यानंतर कोणी फारसं वळून बघत नाही. शिक्का न घेता विकली जाणारी स्वस्त यंत्रं २०२० उलटल्यावरही जुन्याच पद्धतीवर चालू राहिली, त्यामुळे खरेदीची तारीख बघून खात्रीने काही सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट मला खटकते. घरगुती वापराच्या डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या दोन्हींत प्रत्यक्ष माहिती झाकण्याचं काम सहसा एकच पद्धत करते, एईएस. ती जुन्या प्रिंटरलाही उत्तम येते. नवं आहे ते सुरुवातीला ओळख पटवण्याचं गणित, आणि जोडणी-तोडणीचे जे निरोप राउटर पाठवतो त्यांना दिलेलं संरक्षण. यातला बराचसा भाग सॉफ्टवेअरचा आहे. म्हणजे अनेक यंत्रांच्या बाबतीत अडचण चिपच्या कुवतीची नसते, त्या चिपसाठी नवं सॉफ्टवेअर लिहायला कोणी बसलं नाही ही असते. सगळ्यांच्याच बाबतीत असं म्हणता येणार नाही, निरोपांचं संरक्षण काही जुन्या चिपना खरंच झेपत नाही. पण 'जुनं झालंय' या शब्दांमागे दर वेळी झीज असते असं समजू नये.

मग राउटरवाल्यांनी नवी पद्धत आणलीच कशाला? त्याचं कारण आपल्या घराघरांत आहे. आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवायची सवय फार. डब्ल्यूपीए२मध्ये एखादा फोन जोडला जाताना राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवघेव होते. पासवर्ड त्यात उघड नसतो, पण त्याच्यापासून काढलेली एक खूण असते. रस्त्यावर गाडीत बसलेला माणूस ही देवघेव हवेतून टिपून घेऊ शकतो. मग तो घरी जाऊन एकेक पासवर्ड कल्पून बघतो की त्यातून तीच खूण निघते का. कुलूप उचलून घरी न्यावं आणि निवांत बसून एकेक किल्ली लावून बघावी, तसा हा प्रकार आहे. राउटरला याचा पत्ताही लागत नाही.

आता हिशेब करू. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. पण गेमसाठी विकलं जाणारं एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२चे सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड तपासू शकतं. दहा लाखच धरले तरी ४०० कोटी संपायला ४,००० सेकंद लागतात, म्हणजे ६७ मिनिटं. दुकानाच्या पाटीवर तोच नंबर लिहिलेला असेल, तर तेवढीही गरज नाही.

डब्ल्यूपीए३ने ही पळवाट बंद केली. एसएईमध्ये टिपून घेतलेल्या देवघेवीतून घरी बसून काही पडताळता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं, आणि राउटर सेकंदाला मोजक्याच अंदाजांना उत्तर देऊ शकतो. उद्या पासवर्ड फुटलाच, तरी काल टिपून ठेवलेली माहिती त्याने उलगडत नाही, हा आणखी एक फायदा. तेव्हा राउटर मुद्दाम छळतोय असं नाही. पण म्हणून नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३वर ठेवून मोकळं व्हावं, असंही नाही.

माझ्या चुलतभावाचं कराडजवळच्या एका गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दोन लॅपटॉप, गिऱ्हाइकांचे फोन, आणि २०१३ सालचा एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर. टोनर भरून भरून त्याने त्या प्रिंटरचे पैसे कधीच वसूल केलेत. फायबरवाल्याने नवा राउटर बसवला. हुशारी करून भावाने नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, म्हणजे काहीच नव्याने जोडायला नको. लॅपटॉप आपोआप जोडले गेले, प्रिंटर गेला नाही. त्याचा फोन आला तेव्हा तो चिडलेला होता. "दादा, पासवर्ड तोच आहे, नाव तेच आहे, आणि हा म्हणतोय चुकीचा. ॲडमिशनचे दिवस आहेत, पोरं रांगेत उभी आहेत."

मी त्याला आधी एवढंच विचारलं, की प्रिंटरच्या यादीत वायफायचं नाव दिसतंय का. या प्रश्नावर पुढचं निदान ठरतं. नाव दिसतच नसेल, तर सुरक्षा पद्धतीकडे नंतर बघायचं, आधी लहरी तपासायच्या. जुनी यंत्रं बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतात, आणि राउटरने ते नाव फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलं असेल तर त्यांना ते ऐकूच येत नाही. जुन्या ड्रायव्हरच्या काही लॅपटॉपना तर वायफाय ६ची घोषणाच कळत नाही, आणि शेजाऱ्यांची सगळी नावं दिसतात पण आपलं गायब असतं. तिथे ड्रायव्हर अपडेट केला की काम होतं. याउलट नाव दिसतंय, सिग्नलच्या काड्या भरलेल्या आहेत आणि तरी जोडणी होत नाही, तर सुरक्षा पद्धतीचा संशय घ्यायला जागा आहे. भावाच्या प्रिंटरवर नाव दिसत होतं.

दुसरी तपासणी मोबाइलच्या हॉटस्पॉटने करायची, आणि माझ्या मते ती सगळ्यात उपयोगी आहे. अलीकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार निवडता येतो. तिथे `WPA2-Personal` निवडायचं, बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवायचा, आणि जुनं यंत्र त्या हॉटस्पॉटला जोडून बघायचं. आयफोनवर असा थेट पर्याय नाही, तिथे `Maximize Compatibility` हे बटण चालू करायचं. हॉटस्पॉटला यंत्र जोडलं गेलं, तर त्याचा रेडिओ ठीक आहे, सॉफ्टवेअर ठीक आहे, आणि पासवर्ड टाकणारी बोटंही ठीक आहेत. भावाचा प्रिंटर हॉटस्पॉटवर लगेच जोडला गेला. नवीन प्रिंटर घ्यायचा विषय तिथे मिटला.

राउटर नेमका काय जाहीर करतोय हे विंडोजच्या लॅपटॉपवर बघता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाकायची:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

आजूबाजूच्या सगळ्या वायफायची यादी येते. आपल्या नावाखाली त्याच्याकडे हे आलं:

```
Authentication : WPA3-Personal
Encryption     : CCMP
```

निदान झालं. दुसऱ्या ओळीतलं `CCMP` म्हणजे तेच एईएस, जे प्रिंटरला येतं. घोडं पहिल्या ओळीवर अडलं होतं. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या वायफायच्या तपशिलात सुरक्षेचा प्रकार लिहिलेला असतो, तिथेही हे कळतं. काही प्रिंटर स्वतःही सांगतात. ब्रदरच्या अनेक प्रिंटरवर वायरलेस रिपोर्ट छापता येतो आणि त्यावर एक कोड येतो. `TS-02` म्हणजे राउटर सापडला नाही, `TS-05` म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, आणि `TS-04` म्हणजे राउटरची सुरक्षा पद्धत या यंत्राला येत नाही. 'पासवर्ड चुकीचा' या सरसकट संदेशाऐवजी सगळ्यांनी एवढं केलं असतं, तर किती फॅक्टरी रीसेट वाचले असते!

आता उपाय. राउटरचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं. पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बऱ्याच वेळा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`. वायरलेसच्या भागात सुरक्षेची निवड सापडते, आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झसाठी ती बहुतेक वेळा वेगवेगळी करावी लागते. एकच बदलून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पर्याय साधारण असे दिसतात: `WPA2-PSK`, `WPA3-SAE`, आणि दोन्ही मिळून `WPA2-PSK/WPA3-SAE`. हा तिसरा मिश्र पर्याय याच अडचणीसाठी बनवलेला आहे. राउटर यादीत पीएसके आणि एसएई दोन्ही लिहितो, ज्याला जे येतं ते त्याने घ्यावं.

भावाने मिश्र पर्याय निवडला. प्रिंटर जोडला गेला नाही.

त्याच पानावर थोडं खाली `PMF` असा एक पर्याय होता. जोडणी-तोडणीच्या निरोपांचं जे संरक्षण मघाशी सांगितलं, त्याचा हा खटका. ते नसेल तर कोणीही राउटरच्या नावाने 'जोडणी तोडा' असा खोटा निरोप सोडून तुमचा फोन वायफायवरून बाहेर काढू शकतो. डब्ल्यूपीए३मध्ये हे संरक्षण सक्तीचं आहे, मिश्र पर्यायात ते ऐच्छिक असायला हवं. भावाच्या राउटरवर मात्र ते `Required` वरच राहिलं होतं. म्हणजे राउटर तोंडाने डब्ल्यूपीए२ चालेल म्हणत होता आणि अट अशी घालत होता, जी जुन्या यंत्राला पाळता येत नाही. ते `Capable` केलं. पुष्कळ घरांत गाडी इथे मार्गी लागते, म्हणून मिश्र पर्याय फसला की हा खटका बघायला विसरू नये.

त्याच्याकडे तरीही लागली नाही. मिश्र पर्यायाची ही दुसरी दुखरी जागा आहे. काही जुन्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरने घोषणेतल्या यादीत एकच पद्धत असेल असं धरलेलं असतं. एकीच्या जागी दोन दिसल्या, किंवा संरक्षणाची अनोळखी खूण दिसली, की ती यंत्रं गोंधळतात. नियम पाहिले तर ओळखीची पद्धत घेऊन बाकीच्याकडे दुर्लक्ष करायला हवं. पण २०१३ साली ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं, त्याच्यासमोर दोन पद्धतींची यादी कधी आलीच नसावी. हा त्रास इतका पसरला की वायफाय अलायन्सने पुढे आणखी एक सोय काढली. तीत राउटर मुख्य यादीत फक्त जुनी पद्धत लिहितो, आणि नव्या पद्धतीची माहिती अशा कोपऱ्यात ठेवतो जिकडे जुनी यंत्रं बघतच नाहीत. ती सोय अलीकडच्या राउटरांत येऊ लागली आहे, भावाच्या राउटरवर नव्हती.

एव्हाना तो म्हणाला, "मग सगळंच डब्ल्यूपीए२ करून टाकू का?" चाललं असतं. पण मी त्याला वेगळं सुचवलं, आणि कोणालाही तेच सुचवेन. जुन्या यंत्रांसाठी दुसरं नाव काढावं. जवळपास प्रत्येक राउटरवर पाहुण्यांसाठीचं, म्हणजे गेस्ट नेटवर्क असतं. काहींवर घरगुती यंत्रांसाठी वेगळं आयओटी नेटवर्कही असतं. त्याला वेगळं नाव द्यायचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायचं, सुरक्षा `WPA2-PSK`, एन्क्रिप्शन `AES`, आणि पासवर्ड पूर्णपणे वेगळा.

पासवर्ड वेगळा का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. मिश्र पर्यायात दोन्ही पद्धतींना एकच पासवर्ड असतो. त्यातलं एखादं यंत्र जुन्या पद्धतीने जोडलं जात असेल, तर हवेतून टिपायची आणि घरी नेऊन फोडायची ती जुनी देवघेव पुन्हा उपलब्ध झाली. ती फुटली की सगळ्यांचाच पासवर्ड फुटला, नव्या पद्धतीने जोडलेल्यांचाही. म्हणजे एका प्रिंटरसाठी मिश्र पर्याय चालू केला, की अंदाज लावून पासवर्ड फोडण्याच्या बाबतीत घर पुन्हा डब्ल्यूपीए२च्याच पातळीवर येतं. वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवला, तर जो काही धोका आहे तो त्या एका कोपऱ्यात राहतो. त्यातही पासवर्ड सोळा-अठरा अक्षरांचा आणि अर्थ नसलेला ठेवला, तर तो कोपराही पक्का असतो. डब्ल्यूपीए२ची बदनामी होते ती बहुतांशी दुबळ्या पासवर्डमुळे. आणि प्रिंटरला तो एकदाच टाकायचा असल्याने लांब असला तरी बिघडत नाही.

भावाने तसं केलं आणि प्रिंटर पहिल्या झटक्यात जोडला गेला. पाच मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन. प्रिंटर वायफायवर आहे, पण लॅपटॉपवरून छपाई होत नाही.

हे होणारच होतं, आधी सांगायला हवं असतं. गेस्ट नेटवर्क पाहुण्यांसाठी असतं, त्यामुळे तिथल्या यंत्राला इंटरनेट मिळतं पण घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत. कॅमेरा किंवा प्लग थेट इंटरनेटवरून चालत असेल तर हा अडसर उलट सोयीचा, कारण त्या स्वस्त यंत्रात कोणी शिरलं तरी ते तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. प्रिंटरला मात्र लॅपटॉप दिसायलाच हवा. बऱ्याच राउटरवर पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्यायचं की नाही याची खूण असते, ती चालू करायची. तेवढ्याने भागत नाही. लॅपटॉपच्या स्मरणात प्रिंटरचा जुना आयपी पत्ता असतो आणि नव्या राउटरने त्याला दुसराच दिलेला असतो. तेव्हा लॅपटॉपवरून जुना प्रिंटर काढून, प्रिंटरने छापलेल्या नेटवर्क पानावरचा नवा पत्ता टाकून तो पुन्हा जोडायचा. आपोआप शोधायला लावलं तर गेस्ट नेटवर्कवरचा प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. पत्ता हाताने टाकला की काम होतं. दुकानाचं झालं.

राउटरवर ही खूणच नसेल, तर प्रिंटरच्या पाठीमागे जुन्या पद्धतीचं नेटवर्क केबलचं भोक आहे का बघावं. लेझर प्रिंटरना ते पुष्कळदा असतं आणि वर्षानुवर्षं त्यात धूळ साठलेली असते. केबलने राउटरला जोडलं की वायफायच्या सुरक्षेचा प्रश्नच उरत नाही, प्रिंटर मुख्य नेटवर्कवर येतो आणि लॅपटॉपना वायफायवरून दिसतो. खरं सांगायचं तर राउटर शेजारीच असेल, तर मी पहिल्यांदा हेच करेन. जुन्या लॅपटॉपसाठी डब्ल्यूपीए३ येणारा यूएसबी वायफाय अडॅप्टर मिळतो, पण त्याचा ड्रायव्हर आपल्या विंडोजवर चालतो का हे विचारूनच घ्यावा. विंडोज ७वर तो डब्ल्यूपीए३ देऊ शकणार नाही.

पुष्कळ जुने प्रिंटर बटण दाबून जोडायच्या डब्ल्यूपीएस पद्धतीवर अवलंबून असतात, आणि डब्ल्यूपीए३मध्ये डब्ल्यूपीएस चालतच नाही. बटण दाबूनही दिवा नुसता लुकलुकत राहिला, तर कारण तेच. अशा वेळी प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरून किंवा यूएसबी केबल लावून लॅपटॉपवरून नाव आणि पासवर्ड हाताने भरावा लागतो.

सेटिंग मागे घेतल्यावर कधीकधी उलटाच प्रकार घडतो, जुनं यंत्र जोडलं जातं आणि नवा फोन रुसतो. नव्या फोनच्या स्मरणात हे नाव डब्ल्यूपीए३चं म्हणून नोंदलेलं असतं. काही राउटर तर फोनला स्पष्ट सांगून ठेवतात, की या नावाशी यापुढे जुन्या पद्धतीने बोलू नकोस. ते फोनच्या भल्याचंच असतं, कारण त्याच नावाचा खोटा राउटर उभा करून फोनला जुन्या पद्धतीत ओढण्याची युक्ती २०१९मध्ये मॅथी वॅनहोफ आणि एयाल रोनेन या संशोधकांनी दाखवून दिली होती. पण तुम्हीच राउटर खाली आणला असेल, तर फोनला ते कसं कळणार? फोनच्या वायफाय यादीत त्या नावावर जाऊन ते विसरायला सांगायचं आणि पुन्हा जोडायचं. वेगळं नाव काढलं असेल तर हा प्रसंगच येत नाही.

जुन्या यंत्रासाठी कुठपर्यंत खाली उतरायचं, याला मात्र माझी एक हद्द आहे. राउटरच्या यादीत कधी `TKIP` आणि `WEP` हे पर्यायही दिसतात. डब्ल्यूईपी ही १९९७ची पद्धत, तिचं गणित २००१मध्येच फोडलं गेलं आणि आज ती काही मिनिटांत फुटते. पासवर्ड कितीही लांब ठेवा, काही उपयोग नाही. टीकेआयपी ही तिच्यानंतरची ठिगळपट्टी. ती चालू ठेवली तर वायफायचा वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, आणि आयफोन त्या नावाखाली `Weak Security` असा शेरा मारतो. डब्ल्यूपीए२ एईएससह येत असेल, तर त्या यंत्रासाठी वेगळं नाव काढायची खटपट करावी. फक्त डब्ल्यूईपी येणारं एखादं यंत्र घरात असेल, तर त्याला केबल लावावी. केबलचं भोक नसेल, तर ते वायफायविना जेवढं चालतं तेवढंच चालवावं.